चकतीपाशी पाण्याचा वेग सरासरीच का?

> जहाजाच्या पंख्याचा व्यास ४ मी., थ्रस्ट ३०० किलोन्यूटन, पाणी पंख्याकडे ६ मी./से. वेगाने येतं. हिशेबासाठी पंखा म्हणजे एक पातळ चकती मानली आणि तिच्यातून पाणी मागच्या झोताच्याच वेगाने जातं असं धरलं, तर आदर्श कार्यक्षमता ६९% येते. पुस्तकात जवळपास ८०% आहे. चूक कुठे?

चूक त्या गृहीतकातच आहे. पाणी पंख्याने ओढलं जातं, त्यामुळे चकतीपाशी पोचेपर्यंत त्याची निम्मी वेगवाढ झालेली असते आणि उरलेली निम्मी मागे गेल्यावर होते. संवेग आणि ऊर्जा दोन्हींचा हिशेब एकाच वेळी जुळवायचा तर दुसरा पर्यायच नाही. T हा थ्रस्ट, ṁ दर सेकंदाला जाणारं पाणी, V येणाऱ्या पाण्याचा वेग आणि Vj झोताचा वेग धरला, तर दर सेकंदाला गतिज ऊर्जेतली वाढ ½ṁ(Vj² − V²), म्हणजेच T × (V + Vj)/2, आणि चकती पाण्याला देते ती शक्ती T × चकतीपाशचा वेग. म्हणून तो वेग सरासरीच येतो.

आता तुमचे आकडे. समुद्राच्या पाण्याची घनता ρ १०२५ किलो/घनमीटर, चकतीचं क्षेत्रफळ A, थ्रस्ट गुणांक C_T आणि आदर्श कार्यक्षमता η धरली तर

C_T = T / (½ρAV²) ≈ 1.29
η = 2 / (1 + √(1 + C_T)) ≈ 0.795

झोत ९.०९, चकतीपाशी ७.५४ मी./से. ताळा करून बघा: सेकंदाला सुमारे ९७ टन पाणी, वेगवाढ ३.०९, गुणाकार ३०० किलोन्यूटन.

तोच थ्रस्ट ५ मीटरच्या पंख्याने घेतला तर C_T ०.८३ वर उतरतो आणि η ८५% होते. जास्त पाणी हळू ढकलणं स्वस्त पडतं ते असं.

आणि हो, ६ मी./से. हा जहाजाचा वेग तर नाही ना? पंख्यापाशी येणारं पाणी सहसा त्याहून हळू असतं. शिवाय खऱ्या पंख्यात झोताचं फिरणं आणि पात्यांचं घर्षणही खातं; ७९.५% ही फक्त वरची मर्यादा.