बारीकसारीक, बारीक-सारीक की बारीक सारीक? मदत हवी आहे

ओळखपाळख: एका मोठ्या आठवणीवजा लेखनाचं मुद्रितशोधन करतेय. टंकलेखन तिघांनी वाटून घेतल्यामुळे एकाच प्रकरणात 'बारीक सारीक', 'बारीक-सारीक' आणि 'बारीकसारीक' तिन्ही सापडतात. शेजारीपाजारी, कपडेलत्ते, उलटसुलट यांचीही तीच गत. शिवाय 'लहान लहान', 'हळू हळू', 'मोठ मोठे'. सगळं जोडून टाकू का? की काही नियम आहे?

तिरपी_मात्रा: नियम आहे की. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या 18 नियमांमध्ये 'हळूहळू'चा स्वतंत्र नियम आहे. पुनरुक्त शब्द जोडूनच लिहायचे. करा सगळे जोडून.

जुना खिळा: तो नियम ऱ्हस्व-दीर्घाचा आहे हो. हळूहळू, चिरीमिरी यांत दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ. दुडुदुडु, रुणुझुणु असे नादानुकारी असतील तर ऱ्हस्व. जोडायचं की तोडायचं, यावर त्यात अक्षर नाही. 'हळूहळू' तिथे जोडून छापलंय एवढंच.

ओळखपाळख, मी या कामात एक परीक्षा वापरतो. शब्दाला प्रत्यय लावून बघायचा. 'शेजारीपाजारी'ला 'ना' लावला की 'शेजाऱ्यापाजाऱ्यांना' होतं. 'शेजाऱ्यांना पाजाऱ्यांना' असं कोणी म्हणत नाही. पहिल्याचं नुसतं सामान्यरूप झालं, प्रत्यय दुसऱ्याच्या शेपटीला लागला. म्हणजे हा एकच शब्द, मधली मोकळी जागा चूक. कपड्यालत्त्यांचा, भांड्याकुंड्यांत, पानापानांवर, सगळे याच रांगेतले.

विशेषणांचं थोडं वेगळं. 'मोठमोठ्या झाडांखाली' यात पहिला 'मोठ' छाटलेला आहे, एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून जोडून. 'मोठ्या मोठ्या झाडांखाली' यात दोन्ही शब्द धडधाकट, म्हणून सुटे. तुमच्याकडचं 'मोठ मोठे' त्यामुळे सरळ चूक, आणि 'लहान लहान' जसं आहे तसंच ठेवा. सगळं जोडत सुटलात तर 'काय काय', 'येता येता' यांचाही लगदा होईल.

तिरपी_मात्रा: मग 'हळू हळू'? दोन्ही धडधाकट आहेत!

जुना खिळा: खरंय, तिथे माझी परीक्षा लंगडी पडते. ते रूढीनं जुळलेलं आहे. मी जोडूनच घेतो.

सहामाही: बारीकसारीक हा अंशाभ्यस्त शब्द आहे. आम्हाला परीक्षेला होता. हळूहळू मात्र पूर्णाभ्यस्त. दोन गुणांना विचारतात.

ओळखपाळख: सहामाही, प्रकार माहीत आहेत, अडलंय ते लिहिण्यावर. जुना खिळा, मोकळी जागा कुठे नको ते कळलं. पण संयोगचिन्ह?

जुना खिळा: ते ही परीक्षा सांगत नाही. 'आईवडिलांना' आणि 'आई-वडिलांना' दोन्ही तिच्यातून पास होतात. माझं मत असं: दोन्ही भागांना स्वतःचा अर्थ असेल तर चिन्ह चालतं, जसं आई-वडील, ये-जा, दोन-तीन. 'सारीक', 'पाजारी', 'लत्ते' आज एकटे वावरत नाहीत. चिन्ह जोडणार कशाला?

उभी रेघ: मला हे पटत नाही. मी अरुंद स्तंभांची मांडणी करते. 'बारीकसारीक' ओळीच्या शेवटी मावला नाही की अख्खा शब्द खाली जातो आणि वरच्या ओळीत भगदाडं पडतात. चिन्ह असलं की तिथे सुखानं तुटतो. 'चहा-बिहा', 'तारीख-बिरीख' तर चिन्हाशिवाय वाचतानाच अडखळायला होतं.

जुना खिळा: ती मांडणीची सोय झाली. उद्या स्तंभ रुंद केलात तर?

उभी रेघ: तरी चिन्ह दिसायला वाईट नाही. छापील मजकुरात 'बारीक-सारीक' ढिगानं आहे.

ओळखपाळख: अर्थहीन जोडीदार असेल तर जोडून, असं ठरवते. आता शोधू कसं? हे वापरलं:

```
बारीक[ –-]*सारीक
```

तिन्ही रूपं मिळाली, एके ठिकाणी लांब रेघही निघाली. पण `शेजारी[ –-]*पाजारी` वापरल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी रूपं निसटली.

उभी रेघ: निसटणारच. तिथे 'री'चा 'ऱ्या' झाला, आणि हा 'ऱ' यंत्राच्या लेखी 'र'पेक्षा वेगळं अक्षर. त्यात काही जण तोच 'ऱ्या' साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह टाकून उमटवतात. दिसायला सारखं, शोधताना वेगळं. अर्थहीन तुकड्याचा न बदलणारा भागच शोधा: नुसतं `पाजा`. तो दुसरीकडे क्वचितच येतो. आणि 'सगळे बदला' दाबू नका, एकेक बघून बदला, नाहीतर संवादातल्या खऱ्या रेघाही जातील.

ओळखपाळख: `पाजा`नं काम झालं. 'उलटसुलट' मात्र अडकलंय. 'सुलट'ला अर्थ आहे, मग चिन्ह द्यायचं?

जुना खिळा: मी देत नाही.

उभी रेघ: मी देते.