एकाच माणसावर जीवही असतो आणि रागही: तुमचे अनुभव सांगा

मृदगंध
काल माळा आवरताना आईची वही सापडली. आईची म्हणजे तिने लिहिलेली नाही, तिच्यासाठी मी लिहायचे ती. पॅरालिसिस झाल्यावर पावणेतीन वर्षं अंथरुणाला होती, उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाशी जखम होते, म्हणून मी वेळा लिहून ठेवायचे. "२.०० डावी कूस, ४.०० पाठ, ६.०० उजवी, लघवी झाली." असं पानंच्या पानं.

एका पानावर पहाटे चारच्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, "मर एकदाची." आणि त्याच पानावर खाली, सकाळी सव्वानऊला, "आज माझा हात धरून हसली."

मी तशीच बसून राहिले. दोन्ही मीच लिहिलंय आणि दोन्ही खरं होतं, मधे फक्त पाच तास.

तिला एकच शब्द यायचा, "नको". पाणी हवं असलं तरी नको, दुखलं तरी नको, मी जवळ बसावं असं वाटलं तरी नकोच. सुरावरून ओळखायचं. आणि मला तो शब्द ऐकला की बारावीनंतरचा दिवस आठवायचा, पुण्याला शिकायला जायचं म्हटल्यावर तिने हाच शब्द वापरला होता. दोन वर्षांनी भाऊ गेला त्याला मात्र डबा बांधून स्टँडवर सोडायला गेली होती. तिला वळवताना माझ्या डोक्यात हे चालायचं, आणि हात मात्र तिची मान जपत असायचे.

कोणाशी बोलले नाही कधी. तुमचं असं काही असेल तर लिहा.

नीरजा_सांगली
वाचून डोळे भरले ग. माझ्या सासऱ्यांचं असंच, नळीतून खायला घालायचे दोन वर्षं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

अभय७१
ताई वाईट वाटून घेऊ नका पण मी वाचलंय की अ‍ॅम्बिव्हलन्स, म्हणजे एकाच माणसाबद्दल दोन उलट भावना एकदम असणं, हे स्किझोफ्रेनियाचं लक्षण आहे. तुम्हाला त्या वेळी उपचारांची गरज असावी. जुना राग सोडून दिला, मनापासून माफ केलं, की फक्त प्रेम उरतं असा माझा अनुभव.

शमा_के
अभयकाका, अर्धं बरोबर. हा शब्द १९१० मध्ये ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने आणला आणि त्या आजाराच्या लक्षणांत त्याने तो धरला हे खरं. पण धडधाकट माणसांतही हे असतं असं तो स्वतःच म्हणत होता, आणि फ्रॉइडने पुढे तो शब्द घेतला तो घरातल्या, अगदी जवळच्या नात्यांसाठी.

मी पंधरा वर्षं हॉस्पिटलात पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं काम केलं. घरी सांभाळणाऱ्यांवर किती ताण आहे हे बघायला आम्ही झारिटची २२ प्रश्नांची यादी वापरायचो, त्यात "या माणसाजवळ असताना राग येतो का" असा सरळ प्रश्न आहे. तो विचारला की बायका आधी दाराकडे बघायच्या, मग हळूच हो म्हणायच्या.

एका ताईंना मी म्हटलं होतं, आठवडाभर राग आला की घड्याळ बघा आणि नुसतं लिहा, किती वाजता आणि त्याच्या आधी काय झालं. आठ दिवसांनी कागद आणला. अकरा नोंदी. सहा पहाटे तीन ते पाचमधल्या, म्हणजे झोप मोडल्यावरच्या. तीन दिराचा फोन येऊन गेल्यावरच्या. सासूने खरोखर काही केलं म्हणून आलेल्या दोनच. मग त्यांनी आठवड्यातून तीन रात्री ब्युरोची बाई लावली. पहाटेचा राग निम्म्यावर आला. फोनचा आहे तसाच राहिला, कारण त्याचं कारण घरात नव्हतंच. आणि त्या दोन नोंदींमागे लग्नाच्या वेळचा अपमान होता, तो बाई लावून जाणार नव्हता. त्यांनी तो तसाच बाळगला आणि सासूचं सगळं नीट केलं. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

प्रथमेश_ठाणे
सेम हिअर. मला पण कायम दोन्ही वाटतं, ठाण्यातच भाड्याने राहायचं की बदलापूरला स्वतःचा घ्यायचा, बायको एक म्हणते आई एक

मृदगंध
प्रथमेश, ते द्विधा रे. तुझं ठरलं की संपेल. माझ्याकडे ठरवायला काहीच नव्हतं, आईला सोडून जायचा विचार एकदाही आला नाही. म्हणून तर राग कुठे ठेवायचा कळायचं नाही.

तिन्हीसांजा
आजारपण नाही पण लिहू का? माझं बाळ चार महिन्यांचं आहे. रात्री तिसऱ्यांदा उठलं की मी इतकी चिडते की पाळण्यात ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहते. दोन मिनिटांत पान्हा फुटतो आणि धावत आत येते. हे नॉर्मल आहे ना

शमा_के
@तिन्हीसांजा, पाळण्यात ठेवून बाहेर गेलीस हेच बरोबर केलंस. विनिकॉट म्हणून लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांनी १९४९ च्या एका लेखात आईला स्वतःच्या तान्ह्या बाळाचा राग का येतो याची अठरा कारणं दिली आहेत, आणि ती साध्या चांगल्या आयांबद्दल आहेत. पण दोन मिनिटांत येणारा पान्हा यायचा थांबला, किंवा बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटायला लागली, तर त्याच दिवशी घरात सांग आणि डॉक्टरकडे जा.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही मी मनात काय येतं ते बघायची नाही, हात काय करतात ते बघायची. दंडावर बोटांचे वळ उठतात का. ओलं मुद्दाम थोडा वेळ तसंच ठेवलं जातं का. झोपेची गोळी आपल्या मनाने वाढते का. आणि भरवताना घाई होते का, पॅरालिसिसमध्ये गिळणं मंद होतं, घाईचा घास श्वासनलिकेत जातो आणि ठसका नाही आला तरी आवाज ओलसर येतो. यातलं काही दिसलं की त्या माणसाला रजा हवी, उपदेश नको.

नीरजा_सांगली
आले. हो बोटांचे वळ. माझ्याकडून एकदा झालं होतं. त्या दिवशी नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं. इतकंच लिहिते.

मृदगंध
नीरजा 🫂

कोकणकडा
माझे वडील प्यायचे आणि मारायचे. आता विसराळू झालेत, मला ओळखत नाहीत, "साहेब" म्हणतात आणि चहा दिला की हात जोडतात. सगळे म्हणतात किती गोड म्हातारा. मी औषधं देतो, नखं कापतो, डॉक्टरकडे नेतो. पण तुम्हा सगळ्यांना राग असून खाली माया सापडते तशी मला सापडत नाही. आणि ज्याच्यावर राग आहे तो माणूस आता तिथे नाहीच. यावर काय म्हणता शमाताई

शमा_के
माझ्याकडे उत्तर नाही. सापडलीच पाहिजे असं नाही, एवढं मात्र म्हणेन.

रेवा०९
एअर मॅट्रेस वापरली होती का कोणी? लाईट गेली की हवा जाते का? आजीसाठी बघतोय

नीरजा_सांगली
हो पंप बंद पडला की बसते हळूहळू. इन्व्हर्टरवर लाव. आणि ती असली तरी कूस बदलावीच लागते.

दूरदेशी
बराच वेळ लिहू की नको करत होतो. मी तो रविवारी फोन करणारा भाऊ आहे, न्यूजर्सीत. बहीण फोन उचलते आणि तिच्या आवाजावरूनच कळतं. मी "आई जेवली का" विचारतो कारण दुसरं काय विचारायचं सुचत नाही. पैसे पाठवतो, तिने कधी मागितले नाहीत. तिचा फार आधार वाटतो आणि तिचा रागही येतो, कारण आईजवळ ती आहे.

मृदगंध
दूरदेशी, तुमचं हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या भावाला असं वाटत असेल हे मनातही आलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटत नाहीये. एक सांगते, पुढच्या रविवारी "आई जेवली का" विचारू नका, "काल रात्री तू किती वेळा उठलीस" ते विचारा. मला कोणी विचारलं असतं तर मी वही उघडून वाचून दाखवली असती.