ओळवार सूट: आधी वजा करायची की कर लावल्यावर?

सियागंज_हार्डवेअर
बिलात प्रत्येक ओळीला वेगळी टक्केवारी सूट असते. आमचे मुनीमजी कर लावून मग सूट काढतात, मुलगा म्हणतो आधी सूट, मग कर. उत्तर दोघांचं पैशापर्यंत एकच येतं, मग घरात भांडण कशाला? नमुन्याची ओळ: स्क्रू १,४४० नग, भाव ३.३५, सूट १२.५ टक्के, जीएसटी १८ टक्के. माल इंदुरातच जातो.

तुकोगंज_स्टेशनरी
मुनीमजी बरोबर आहेत. दोन्ही गुणाकारच, आधी ०.८७५ ने गुणा की आधी १.१८ ने, उत्तर हलणार नाही. गिऱ्हाईक शेवटचा आकडा बघतं. ज्याला जी रीत हातवळणी पडली असेल त्याने ती वापरावी.

राजवाडा_लेखा
भाऊ, गुणाकाराचं खरं आहे, पण बिलावर बेरजेखेरीज कराचा आकडाही छापलेला असतो आणि सरकारला तोच भरावा लागतो. काकांचीच ओळ घ्या. १,४४० नग गुणिले ३.३५, म्हणजे ४,८२४.००. आधी सूट काढली तर ६०३.०० जाऊन करपात्र रक्कम ४,२२१.०० राहते. त्यावर सीजीएसटी ३७९.८९, एसजीएसटी तेवढाच, आणि एकूण ४,९८०.७८.

आता मुनीमजींची रीत. पूर्ण ४,८२४ वर कर ८६८.३२, बेरीज ५,६९२.३२, तिच्यातून साडेबारा टक्के म्हणजे ७११.५४ वजा. राहिले ४,९८०.७८. गिऱ्हाइकाने दोन्हीकडे सारखेच पैसे दिले. पण पहिल्या बिलावर कर ७५९.७८ आहे आणि दुसऱ्यावर ८६८.३२. वरचे १०८.५४ दुकानाच्या पदरचे गेले, कारण मालापोटी ४,२२१ च्या जागी ४,११२.४६ च हाती राहिले. एका ओळीवर एवढे, तर महिनाभराच्या बिलांचं तुम्हीच बघा.

सीजीएसटी कायद्याचं कलम १५(३) सांगतं की विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलावर नोंदवलेली सूट मालाच्या मूल्यात धरायची नाही. म्हणजे कमी कर भरायची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे, ती सोडायची कशाला? चूक ओळखायला सोपी आहे: सुटीच्या रकान्यात आकडा असूनही करपात्र रक्कम नग गुणिले भाव एवढीच दिसत असेल, तर कर सुटीआधीच लागलाय.

तुकोगंज_स्टेशनरी
ठीक, पण मग करालाही तीच सूट लावा की! ८६८.३२ चे साडेसत्त्याऐंशी टक्के ७५९.७८ च येतात. माझं म्हणणं मोडत नाही.

राजवाडा_लेखा
आकडा जुळेल. पण करपात्र रक्कमही त्याच प्रमाणात उतरवून छापावी लागेल, म्हणजे फिरून सूट आधीच काढल्यासारखं झालं. शिवाय पैसे दोनदा पूर्णांकित होतील, तो एक जास्तीचा घोळ.

स्नेहलतागंज_ट्रेडर्स
आमच्याकडे सात दिवसांत पैसे आले तर २ टक्के सोडतो. ते आधीच बिलात कापून टाकतो, चालतं ना?

राजवाडा_लेखा
दादा, तो प्रश्न निराळा. पैसे येतील की नाही हे बिल करताना ठाऊक नसतं, त्यामुळे ती सूट नंतर क्रेडिट नोटने द्यायची. इथे बिल फाडतानाच ठरलेल्या सुटीचं चाललंय. दोन्ही एकाच रकान्यात घातल्या तर नंतर कोणी उशिरा पैसे दिले की ते २ टक्के परत मागायला तोंड राहणार नाही.

रामबाग_किरकोळ
काउंटरवर मात्र भाव करासकटच असतो हो. २५० एमआरपीचं कुलूप १० टक्के सुटीने २२५ ला दिलं. माझा पोरगा २२५ चे १८ टक्के काढून वजा करतो आणि करपात्र १८४.५० लिहितो. ते बरोबर का?

राजवाडा_लेखा
नाही ताई. २२५ मध्ये कर आधीच मिसळलेला आहे, म्हणून १.१८ ने भागायचं: १९०.६८. त्यावर दोन्ही बाजूंना १७.१६, आणि बेरीज पुन्हा २२५ होते. पोराच्या १८४.५० वर १८ टक्के लावले तर २१७.७१ येतात, २२५ येत नाहीत. उलटा ताळा घेतला की चूक लगेच पकडता येते. तुमच्याकडे करासकट भावावरच सूट काढा, फक्त भागाकार सुटीनंतर करा.

सियागंज_हार्डवेअर
नवं सॉफ्टवेअर सूट धरून नेट भाव २.९३ छापतं आणि ओळ ४,२१९.२० ची करतं. १ रुपया ८० पैसे गेले कुठे?

विजयनगर_कोड
काका, खरा नेट भाव २.९३१२५ आहे. त्याने तो दोन दशांशांवर आणून १,४४० ने गुणला, म्हणून तेवढे पडले. स्वस्त माल आणि भरपूर नग असले की हे हमखास होतं. सूट एका नगावर काढूच नये, ओळीच्या रकमेवर काढावी. आणि माझं ठाम मत: मधे कुठेच पूर्णांकित करू नका, सगळे दशांश धरून ठेवा, शेवटी एकदाच करा.

राजवाडा_लेखा
पहिलं मान्य, दुसऱ्याला माझा विरोध. छापील ओळींची बेरीज हाताने केली की ती खाली लिहिलेल्या आकड्याशी जुळली पाहिजे. एक्सेलमध्ये सेलचं स्वरूप दोन दशांशांचं केलं तरी आत सगळे दशांश असतातच, ते बेरजेत उतरतात आणि पैशाचा फरक पडला की गिऱ्हाईक कॅल्क्युलेटर घेऊन दारात. म्हणून ओळीतच पूर्णांकित करा. B नग, C भाव, E सूट टक्के, H कर टक्के:

```
D2: =ROUND(B2*C2,2)
F2: =ROUND(D2*E2/100,2)
G2: =D2-F2
I2: =ROUND(G2*H2/200,2)
```

I2 हा सीजीएसटी, एसजीएसटी तोच. आधी १८ टक्के काढून अर्धे करायला जाऊ नका, विषम पैसा आला की तो दोघांत वाटता येत नाही.

विजयनगर_कोड
तरी तुमच्या रीतीतही फट आहे. ३३.९५ करपात्र असलेल्या तीन ओळी घ्या. प्रत्येकीवर ९ टक्के ३.०५५५, म्हणजे ३.०६, बेरीज ९.१८. पण १०१.८५ वर एकदम काढले तर ९.१७. यातला खरा कोणता?

राजवाडा_लेखा
मी ओळवारचा धरतो, कारण ई-इन्व्हॉइसमध्ये प्रत्येक ओळीचा कर वेगळा भरावा लागतो. तिथे सुटीचे दोन रकाने असतात, तेही लक्षात ठेवा. ओळीतला `Discount` वजा होऊन `AssAmt` बनतो. खाली `ValDtls` मधला `Discount` फक्त शेवटच्या एकूण रकमेतून जातो, कर जागचा हलत नाही. मुनीमजींची सूट तिथे पडली की पुन्हा तेच १०८.५४.

विजयनगर_कोड
ई-इन्व्हॉइस न करणाऱ्या छोट्या दुकानाला त्याचं काय? मी दरवार बेरीज करूनच कर काढणार.

तुकोगंज_स्टेशनरी
एका पैशासाठी एवढं?

सियागंज_हार्डवेअर
बरं, ४,९८०.७८ चे ४,९८१ करायचे आहेत. मुनीमजी म्हणतात, ते २२ पैसे सुटीतच कमी दाखवू.

राजवाडा_लेखा
नको काका. सुटीत दाखवले तर करपात्र रक्कम बदलेल, मग कर बदलेल, मग पुन्हा पैसे सुटणार नाहीत. कराखाली राउंड ऑफची वेगळी ओळ घाला आणि तिच्यात ०.२२ लिहा.