मदत हवी आहे: पाचव्या महिन्यात पुन्हा मलेरिया, प्रायमाक्विन का देत नाहीत?

इंदूरकर_वि: वहिनी २२ आठवड्यांची गरोदर आहे. वजन ५२ किलो. सात आठवड्यांपूर्वी व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला, क्लोरोक्विनचा तीन दिवसांचा कोर्स पूर्ण झाला. आता पुन्हा थंडी-ताप, स्लाइडवर पुन्हा व्हायवॅक्स. औषध कमी पडलं का? बाळाला धोका किती?

सुनंदाताई: प्रायमाक्विन १४ दिवस घेतल्याशिवाय व्हायवॅक्स मुळापासून जात नाही. तेच राहिलं असणार, डॉक्टरांकडे ती गोळी मागा.

पॅथॉलॉजी_मावशी: सुनंदाताई, कारण बरोबर आहे, पण गरोदरपणात ती गोळी चालत नाही. जी-६-पीडी हे रक्तातलं एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी तिने फुटतात, आणि पोटातल्या बाळाची ही तपासणी करता येत नाही.

इंदूरकर, आधीचं औषध वाया गेलं असं समजू नका. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, यकृतात झोपलेले तसेच राहतात. २८ दिवसांनंतर ताप उलटला तर बहुधा तेच जागे झालेले असतात, किंवा नवा डास चावलेला असतो. रिपोर्टवरून फरक कळत नाही. त्याआधी उलटला असता तर गोळी उलटून पडली का, डोस चुकला का, हे आधी पाहिलं असतं.

डॉक्टर बहुधा तोच कोर्स पुन्हा देतील. २५० मिग्रॅच्या गोळ्या ४, ४ आणि २, जेवणानंतर. अर्ध्या तासात उलटी झाली तर लगेच डॉक्टरांना विचारा, डोस पुन्हा द्यावा लागतो. मग ताप परत येऊ नये म्हणून प्रसूतीपर्यंत दर आठवड्याला २ गोळ्या द्यायच्या का, हे नक्की विचारा. प्रायमाक्विन बाळंतपणानंतर, आई आणि बाळ दोघांचं जी-६-पीडी पाहून.

बाळावर परिणाम मुख्यतः आईच्या रक्तक्षयातून होतो: वजन कमी भरतं, प्रसूती लवकर होऊ शकते. म्हणून हिमोग्लोबिन पुन्हा करा, वाढीची सोनोग्राफी चुकवू नका.

झाबुआ_रोड: माझ्या जावेला टांझानियात गरोदरपणी ताप नसतानाच गोळ्या दिल्या होत्या. इथे का नाही?

पॅथॉलॉजी_मावशी: त्या सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या, आफ्रिकेतल्या फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जंतूच्या दाट प्रादुर्भावासाठी. तो जंतू वारेत अडकून बसतो, त्यामुळे बोटाच्या रक्तात कधी दिसतही नाही. आपल्या देशाच्या मलेरिया कार्यक्रमात त्या अशा दिल्या जात नाहीत, आणि वहिनींचा प्रश्न व्हायवॅक्सचा आहे.

इंदूरकर_वि: कोर्स आजच सुरू केला. आठवड्याच्या गोळीबद्दल डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन बघून ठरवू. ते ९.४ आलं. थांबू का?

पॅथॉलॉजी_मावशी: कोर्स थांबवू नका, बाकीचं त्यांच्याशीच ठरवा. लोहाची गोळी चालू ठेवायची का तेही विचारा. गुंगी, श्वास लागणं, लघवी कमी किंवा गडद होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. मच्छरदाणी रोज वापरा, आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का पाहा. शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

सुनंदाताई: पण दर आठवड्याची गोळी सगळेच देतात का?

पॅथॉलॉजी_मावशी: नाही, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. ताप उलटून आलेल्या बाईसाठी माझा कल देण्याकडे आहे.