सायनाइडचा ‘नाश’ होतो की ते ‘बांधलं’ जातं?

भोसरीकर: प्लेटिंगच्या एका कारखान्यासाठी सुरक्षापत्रक मराठीत करतोय. सायनाइडच्या टाकीत चुकून अ‍ॅसिड पडलं की वायू सुटतो, त्यावरच्या औषधाबद्दल मी लिहिलं, ‘हायड्रॉक्सोकोबालामिन सायनाइडचा नाश करते.’ तपासणाऱ्यांनी ‘नाश’ खोडून ‘निष्प्रभ’ केलं. मला ते मिळमिळीत वाटतं. आणि या औषधाला ‘उतारा’ म्हणू की ‘प्रतिविष’?

सदाशिवपेठी: ‘उतारा’च. विंचू उतरतो, विष उतरतं, अस्सल मराठी आहे. ‘प्रतिविष’ म्हटलं की सापाची लसच आठवते.

वॉर्ड नं. ४: उतारा चालेल, पण ‘नाश’ नको. या औषधाच्या रेणूत मधोमध कोबाल्ट असतो आणि त्याच्या एका हाताला हायड्रॉक्सिल गट धरलेला असतो. सायनाइड आलं की तो गट सुटतो आणि त्या जागी सायनाइड बसतं. झालं सायनोकोबालामिन, म्हणजे बी-१२ चंच दुसरं रूप, जे लघवीवाटे निघून जातं. सायनाइड मोडत नाही, तसंच्या तसं असतं, फक्त कोबाल्ट त्याला सोडत नाही. पेशीतल्या श्वसनाच्या एन्झाइममधल्या लोहापेक्षा कोबाल्टची पकड घट्ट. म्हणून रक्तातलं मोकळं सायनाइड कमी होत जातं, तसं पेशीतलंही सुटून बाहेर येतं. ‘बांधून टाकते’ लिहा.

रसायनप्रेमी: पण सायनाइडचं थायोसायनेट होतं ना? मग ‘रूपांतर’ म्हणा की.

वॉर्ड नं. ४: ते सोडियम थायोसल्फेटचं काम. तिथे गंधक जोडला जातो, एन्झाइम लागतं, म्हणून वेळही जास्त लागतो. तिथे ‘रूपांतर’ शोभेल. दोन्ही औषधं दिली तरी एकाच नळीतून देत नाहीत.

आपटे_काका: मी रोज बी-१२ ची गोळी घेतो. म्हणजे मला थोडंफार संरक्षण आहे म्हणायचं?

वॉर्ड नं. ४: काका, गोळीत सायनोकोबालामिन असेल तर त्याच्या हातात सायनाइड आधीच आहे, दुसरं कुठून धरणार? आणि हिशोब बघा. एका रेणूला एकच सायनाइड. औषधाच्या रेणूचं वजन सुमारे १३४६, सायनाइडचं २६. म्हणजे प्रौढाच्या ५ ग्रॅमच्या डोसमध्ये जेमतेम ९७ मिलिग्रॅम सायनाइड बांधलं जातं. व्हिटॅमिनची इंजेक्शनं १ मिलिग्रॅमची धरली तर तेवढ्यासाठी पाच हजार फोडावी लागतील.

रसायनप्रेमी: मग नायट्राइट सोपं नाही का? पूर्वी तेच देत.

वॉर्ड नं. ४: अजूनही देतात. पण नायट्राइट हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं आणि ते प्राणवायू वाहून नेत नाही. आगीच्या धुरात सापडलेल्याच्या रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला हा दुहेरी फटका. तिथे हायड्रॉक्सोकोबालामिन बरं.

भोसरीकर, पत्रकात देण्याची पद्धतही असेल तर नीट लिहा. भुकटीत २०० मिलि सलाइन घालून बाटली मिनिटभर उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही, फेस होतो. मग शिरेतून १५ मिनिटांत. गरज पडली तर आणखी ५ ग्रॅम. रक्ताचे नमुने आधी घ्यायचे, कारण औषध गडद लाल असतं आणि रंगावर चालणाऱ्या तपासण्या, उदाहरणार्थ क्रिएटिनिन, चुकीच्या येतात. डायलिसिसचं मशीनसुद्धा त्याला गळणारं रक्त समजून बंद पडू शकतं.

भोसरीकर: हे दवाखान्याच्या पानावर घेतो. कामगारांच्या पानावर ‘नंतर लघवी लाल होते, घाबरू नये’ एवढं पुरे?

वॉर्ड नं. ४: त्वचाही लाल होते, तेही लिहा. त्वचेचा रंग दोनेक आठवडे, लघवीचा पाचेक आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. रक्तदाब वाढतो, तो मात्र नर्सने बघायचा.

सदाशिवपेठी: ‘लाल’ नको हो, ‘तांबडी’ म्हणा! लाल फारसी, तांबडा आपला.

चिंचवडची_सून: तांबडा म्हणजे तांब्याचा. या औषधाचा रंग गडद माणकासारखा असतो. कामगाराला लाल लगेच कळतं, त्याला पत्रक वाचायचंय, परीक्षा नाही द्यायची.

सदाशिवपेठी: तांबडं फुटतं तेव्हा काय आकाश तांब्याचं होतं? तांबडी माती, तांबडा रस्सा, सगळ्यांना कळतं.

चिंचवडची_सून: रस्सा तांबडा असतो, लघवी नसते.

आपटे_काका: माझ्या पाकिटावर मिथाइलकोबालामिन लिहिलंय. ते तरी धरतं का?

भोसरीकर: ‘बांधून टाकते’ घेतलं. पण तपासणारे म्हणतात, ‘बांधून’ वाचून कामगारांना दोरी आठवेल. ‘जखडते’ कसं वाटतं?

सदाशिवपेठी: जखडणं म्हणजे साखळदंड. ‘बद्ध करते’.

रसायनप्रेमी: ‘बद्ध’ कोण बोलतं भोसरीत?