व्हीपीएन जोडलेले, तरी रिमोट डेस्कटॉप टाइमआउट

> "ठाण्यात घरून व्हीपीएन लगेच जोडले जाते, पण महापेच्या ऑफिसमधला संगणक रिमोट डेस्कटॉपवर उघडतच नाही. दोन्हीकडे पत्ते 192.168.1 ने सुरू होतात, त्याने काही बिघडते का?"

होय, बहुधा मूळ तिथेच आहे. ऑफिसच्या संगणकाचा पत्ता 192.168.1.25 आहे असे धरू. घरचा राउटरही तीच मालिका वापरत असल्याने लॅपटॉप हा पत्ता घरातलाच समजतो, व्हीपीएनच्या बोगद्यात काही पाठवतच नाही आणि उत्तराची वाट पाहून थकतो. व्हीपीएन जोडलेले असताना पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Test-NetConnection 192.168.1.25 -Port 3389
```

`InterfaceAlias` समोर व्हीपीएनऐवजी `Wi-Fi` दिसले, तर निदान पक्के समजा. ऑफिसची मालिका बदलणे सर्वांना त्रासाचे असते, म्हणून घरच्या राउटरचा लॅन पत्ता 192.168.57.1 असा करावा, राउटर पुन्हा सुरू करावा आणि मगच व्हीपीएन जोडावे.

तिथे व्हीपीएनचेच नाव दिसूनही `TcpTestSucceeded` हे `False` आले, तर मार्ग बरोबर आहे. मग ऑफिसचा संगणक झोपला आहे का, आणि त्याची फायरवॉल व्हीपीएनच्या पत्त्यांना रिमोट डेस्कटॉपच्या टीसीपी पोर्ट 3389 वर येऊ देते का, हे ऑफिसातल्या कोणाकडून तपासून घ्या. यूडीपी 3389 ने चित्र अधिक सुरळीत हलते, पण त्याच्याविनाही जोडणी होते.

एक आग्रहाची विनंती: वैतागून ऑफिसच्या राउटरवर 3389 थेट इंटरनेटसाठी उघडू नका, कारण असे उघडे पोर्ट शोधून पासवर्ड आजमावणारे हल्ले अखंड चालू असतात.