मदत हवी आहे: सरकारी रोखा विकला, अ‍ॅक्रूड व्याज रिटर्नमध्ये कुठे दाखवायचं?

पाणकणीस:
नमस्कार मंडळी. 2025-26 चं रिटर्न भरायला बसले आहे आणि एका आकड्यापाशी दोन दिवस अडकले आहे.

14 जून 2024 ला मी 7.18 टक्क्यांचा 2033 चा सरकारी रोखा घेतला, दर्शनी किंमत 10 लाख. भाव 101.20 होता. वर 120 दिवसांचं अ‍ॅक्रूड व्याज, म्हणजे आधीच्या मालकाच्या काळात साचलेलं पण अजून न मिळालेलं व्याज, 23,933 रुपये मोजावं लागलं, म्हणजे खात्यातून 10,35,933 गेले. पुढे ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत 35,900 ची दोन कूपनं, म्हणजे रोख्याचं सहामाही व्याज, आली. 2025 च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर दोनदा पाव-पाव टक्क्याने उतरवला, तसा रोख्याचा भाव चढत गेला. 14 मे 2025 ला मी 105.10 ला विकून टाकला. विकताना 90 दिवसांचं व्याज 17,950 मिळालं, एकूण हातात 10,68,950.

मागच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये मी 71,800 हे सगळं व्याज 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवलं आणि 30 टक्क्यांनी कर भरला. आता विक्रीची रक्कम 10,68,950 आणि खरेदी 10,12,000 धरली तर नफा 56,950 येतो. पण मग दोन वर्षांत मिळून 1,28,750 वर कर लागतो, आणि एवढे पैसे मला मिळालेलेच नाहीत! चूक कुठे होते आहे?

मंदार_पुलावरचा:
ताई, नफा नेहमी क्लीन भावावर, म्हणजे साचलेलं व्याज सोडून उरणाऱ्या भावावर काढतात. 105.10 वजा 101.20, म्हणजे 39,000. अ‍ॅक्रूड व्याज हे व्याजच, त्याचा नफ्याशी संबंध नाही. विकताना मिळालेले 17,950 इतर उत्पन्नात टाका आणि घेताना दिलेले 23,933 कूपनातून वजा करा. माझ्या ब्रोकरचा कॅपिटल गेन रिपोर्टही असाच येतो. शॉर्ट टर्म असल्यामुळे कर 20 टक्के.

पाणकणीस:
पण कूपनं मागच्या वर्षीची आणि ते रिटर्न भरून झालंय. 23,933 आता कशातून वजा करू? या वर्षी तर मला या रोख्याचं एकही कूपन मिळालेलं नाही.

आजोळ:
मी बँकेतल्या मुदत ठेवी मोडल्या होत्या तेव्हा व्याज दरवर्षी अ‍ॅक्रूअलने दाखवत होते, म्हणून मोडताना काही अडचण आली नाही. तुम्हीही तसंच दरवर्षी दाखवायला हवं होतं.

हिशेबनीस:
आजोळ, ठेव मोडतो तेव्हा बँक आपल्याच पैशांवरचं व्याज आपल्याला देते. इथे रोखा तिसऱ्या माणसाला विकला आहे आणि 17,950 सरकारने नव्हे, त्या घेणाऱ्याने दिलेत. सगळा घोळ नेमका या फरकातून होतो.

पाणकणीस, आधी खात्यातली रोकड बघा. गेले 10,35,933. आले 71,800 आणि 10,68,950, म्हणजे 11,40,750. फरक 1,04,817. हीच तुमची खरी कमाई. कुठलीही पद्धत वापरा, दोन्ही वर्षांत मिळून करपात्र रक्कम एवढीच निघाली पाहिजे. तुमची 1,28,750 येते, म्हणजे बरोबर 23,933 जास्त. खरेदीच्या वेळी दिलेलं व्याज तुम्ही खर्चात धरलंच नाही.

मंदार म्हणतात ती पद्धत धरली तर व्याज 71,800 वजा 23,933 म्हणजे 47,867, विक्रीचं व्याज 17,950 आणि नफा 39,000. बेरीज 1,04,817. आकडेमोड बरोबर आहे. अडचण कायद्याची आहे. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की गुंतवणूक म्हणून रोखा घेताना मागच्या काळाचं जे व्याज मोजता, ते त्या रोख्याची किंमतच असते. ते व्याजाच्या उत्पन्नातून वजा होत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये बँक ऑफ राजस्थानच्या निकालात ते वजा करू दिलं, पण तिथे रोखे हा बँकेच्या धंद्याचा माल होता. तुम्ही वर्षाकाठी दोन-तीन व्यवहार करणाऱ्या गुंतवणूकदार आहात.

म्हणून मागच्या वर्षी पूर्ण 71,800 दाखवलेत ते योग्यच केलंत. आता खरेदीची किंमत 10,12,000 न धरता 10,35,933 धरा. नफा 10,68,950 वजा 10,35,933, म्हणजे 33,017. मागचे 71,800 मिळवा, 1,04,817 येतात.

आणि 20 टक्के हा दर शेअर आणि इक्विटी फंडांसाठी आहे, रोख्यांसाठी नाही. 12 महिन्यांच्या आत विकला तर स्लॅबप्रमाणे. एक्स्चेंजवर नोंदलेला रोखा 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर 12.5 टक्के, तिथेही शेअरसारखी सव्वा लाखाची सूट मिळत नाही.

मंदार_पुलावरचा:
20 टक्क्यांची चूक मान्य. पण ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये 39,000 छापून येणार आणि ताई 33,017 दाखवणार. नोटीस आली तर?

हिशेबनीस:
खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा. तिच्यावर भाव आणि अ‍ॅक्रूड व्याज वेगवेगळं छापलेलं असतं, तोच तुमचा पुरावा. ब्रोकरचा रिपोर्ट सोयीसाठी असतो, तो डोळे मिटून उतरवायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत उलटी चूक जास्त दिसते: 23,933 कूपनातूनही वजा करतात आणि खरेदीच्या किमतीतही धरतात. मग बेरीज 80,884 येते. रोकडीशी ताडून पाहिलं की ही चूक लगेच उघडी पडते.

पाणकणीस:
डोक्यावरचं ओझं उतरलं, खरंच आभार. आता विक्रीचे 17,950. ते नफ्यातच राहू देऊ की व्याज म्हणून वेगळे काढू? वेगळे काढले तर नफा 15,067 आणि व्याज 17,950, बेरीज तीच 33,017. दोन्हीवर 30 टक्केच, मग फरक काय पडतो? मला शेअरमध्ये यंदा 40,000 चा शॉर्ट टर्म तोटाही आहे.

हिशेबनीस:
तोटा आहे हे बरं सांगितलंत, त्यानेच फरक पडतो. शॉर्ट टर्म तोटा भांडवली नफ्यातून वजा होतो, व्याजातून होत नाही. 33,017 सगळा नफा धरला तर तो 40,000 च्या तोट्यात पूर्ण मुरतो आणि उरलेला 6,983 चा तोटा पुढे आठ वर्षं नेता येतो. 17,950 व्याज धरले तर त्यावर 30 टक्क्यांनी 5,385 रुपये कर, सेस वेगळा.

माझं मत: नफ्यात धरा. रोख्याचं व्याज देय होतं ते कूपनाच्या तारखेला. 14 मे ला तुम्हाला व्याज मागायचा हक्कच नव्हता, तुम्ही रोखा विकलात आणि त्याची किंमत घेतलीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली सायप्रसच्या एका गुंतवणूकदार कंपनीच्या खटल्यात याच धर्तीवर निकाल दिला होता. खरेदीचं व्याज किंमत, तर विक्रीचं व्याजही किंमत. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं, असं करू नका.

ओसरी:
मी सीए नाही, पण माझ्या सीएने मला याच्या उलट सांगितलं. त्यांच्या मते कॉन्ट्रॅक्ट नोटवर 'अ‍ॅक्रूड इंटरेस्ट' म्हणून वेगळा आकडा आहे, मग तो व्याजातच दाखवावा. शिवाय आयकर कायद्याचं कलम 94 आहे म्हणाले.

हिशेबनीस:
कलम 94 दाखवलंत ते बरं झालं, ते खरंच महत्त्वाचं आहे. कूपनाच्या आधी दरवेळी रोखा विकायचा, कूपन गेल्यावर परत घ्यायचा, आणि व्याजाला नफ्याचा मुखवटा चढवायचा, या प्रकारासाठी ते कलम आहे. व्याज रोजच्या रोज जमा होतं असं मानून जेवढं आलं असतं त्यापेक्षा तुमचं उत्पन्न कमी दिसलं, तर अधिकारी रोजच्या हिशेबाने व्याज तुमच्या नावावर धरू शकतो. व्यवहारात कर टाळला गेलेला नाही किंवा तो अपवादात्मक होता, हे दाखवता आलं तर त्यातून सुटका आहे. पाणकणीस यांनी 11 महिने रोखा ठेवला, दोन्ही कूपनांवर पूर्ण कर भरला, दर उतरून भाव चढला म्हणून विकला आणि परत घेतलाही नाही. मला तरी यात धोका दिसत नाही. तुमचे सीए सावध पवित्रा घेत आहेत, त्यांना चूक म्हणणार नाही. सुरक्षिततेची किंमत 5,385 रुपये आहे, ती मोजायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

आजोळ:
आधी मी प्रश्न चुकीचा समजले, क्षमस्व. आता माझाच प्रश्न. माझ्याकडे करमुक्त रोखे आहेत, वर्षातून एकदा कूपन येतं. दर उतरल्यामुळे भाव छान आहे, विकायचा विचार आहे. व्याज करमुक्त म्हणजे विकताना मिळणारं अ‍ॅक्रूड व्याजही करमुक्तच ना?

हिशेबनीस:
थांबा, इथे हात भाजतात. करमुक्त आहे ते कूपन. विक्रीवरचा नफा करमुक्त नाही. वरच्या न्यायाने अ‍ॅक्रूड व्याज विक्रीच्या किमतीत मोडत असेल, तर दहा महिन्यांचं साचलेलं व्याज तुम्ही स्वतःहून करपात्र करून घ्याल. कूपन जवळ आलं असेल तर ते पदरात पडू द्या आणि मग विका. फक्त मधल्या काळात दर वर गेले तर भाव पडेल, तो धोका तुमचा.

ओसरी:
पाणकणीस, एक महिना थांबला असतात तर 12.5 टक्क्यांत बसला असतात की.

पाणकणीस:
हो, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. 33,017 वर साडेसतरा टक्क्यांचा फरक, म्हणजे 5,778 रुपये.

हिशेबनीस:
तोटा नसता तर तेवढे वाचले असते, यंदा तुमचा हा नफा तसाही तोट्यात मुरतोय. आणि थांबण्यात धोका होताच. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने दर एकदम अर्धा टक्का उतरवला, पण धोरणाचा रोख 'न्यूट्रल' केला आणि पुढे बाजारात दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा उलट वर सरकला. भाव शंभराला 66 पैशांनी जरी खाली आला असता, तरी वाचलेला कर तिथेच गेला असता.

पाणकणीस:
ठरलं, खरेदी 10,35,933 आणि विक्री 10,68,950 धरते. 17,950 बाबत मात्र उद्या माझ्या सीएला हा धागा वाचायला देणार आहे, ते काय म्हणतात ते इथे येऊन लिहीन. मंदार, तुमच्या जुन्या रिटर्नमध्ये खरेदीचं व्याज दोन्हीकडे तर धरलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.

मंदार_पुलावरचा:
तेच बघतोय. 2023 ची कॉन्ट्रॅक्ट नोट सापडली, 2022 ची मेलमध्ये शोधतोय.